अरबी समुद्रातली दांडी

दरवर्षी परीक्षेच्या हंगामात दांडी बुडते. गुजरातच्या किनाऱ्यापासून दोन मिलिमीटर डावीकडे ठिपका पडतो आणि चिमूटभर मीठ उचलायला आलेले गांधीजी खोल समुद्रात उभे राहतात. त्याच कागदावर वरच्या अंगाला अमृतसर हळूच पाकिस्तानात सरकतं, चंपारण नेपाळात जातं आणि झाशीची राणी मध्य प्रदेशात स्थलांतर करते. हिंदुस्थानची फाळणी कागदावर आखायला रॅडक्लिफसाहेबाला पाचेक आठवडे मिळाले होते आणि तेवढे कमी पडले म्हणून त्याला आजवर बोल लावले जातात. आपल्या मुलांना याच कामासाठी जेमतेम पाच मिनिटं मिळतात. त्यातली दोन पेन्सिलीला टोक करण्यात जातात. तरी इतिहासाच्या पेपरातला हा नकाशाचा प्रश्न बिचारा उपेक्षितच राहिला आहे. सीबीएसईच्या बारावीच्या इतिहासात ८० पैकी ५ गुण त्याचे, दहावीच्या सामाजिक शास्त्रांत इतिहासाच्या वाट्याला आलेले २. मुलं त्याला ‘फुकटचे गुण’ म्हणतात आणि मग ते गुण फुकट घालवतात.

माझं म्हणणं असं की अख्ख्या पेपरात लबाडी न चालणारा प्रश्न हा एकच आहे. दीर्घोत्तरी प्रश्नात ‘या घटनेचे दूरगामी परिणाम झाले’ असं लिहून पानं भरता येतात. परिणाम किती दूर गेले ते कुणी विचारत नाही. नकाशा मात्र तेवढंच विचारतो. त्यामुळे ठिपका चुकला की आपण म्हणतो, पोराचा भूगोल कच्चा आहे. बहुतेक वेळा कच्चा असतो तो इतिहास. कोणती घटना कोणत्या घटनेच्या शेजारी होती आणि कोणती कोसभर लांब, हे ठाऊक नसलं की ठिपका भरकटतो. गावं राज्यवार पाठ करण्यापेक्षा त्यांचं शेजारपाजार लावून घेतलं तर तो बराच वेळ जागेवर बसतो.

आधी ठिपक्याची ऐपत पाहू. भारताची दक्षिणोत्तर लांबी ३,२१४ किलोमीटर. परीक्षेत मिळणाऱ्या कागदावर वरच्या टोकापासून कन्याकुमारीपर्यंत साधारण १६ सेंटिमीटर अंतर आहे असं धरलं, तर एक सेंटिमीटर म्हणजे २०० किलोमीटर आणि एक मिलिमीटर म्हणजे २०. बॉलपेननं मन लावून गिरवलेला ठिपका सहज दोन मिलिमीटरचा होतो. म्हणजे विद्यार्थी गाव म्हणून जे दाखवतो ते ४० किलोमीटर रुंदीचं असतं. मुंबई महापालिकेलाही इतकी हद्द झेपलेली नाही. अमृतसर सीमेपासून तीस किलोमीटरच्याही आत आहे, म्हणजे कागदावर दीड मिलिमीटरच्या अलीकडे. ठिपका शिडशिडीत असला तर शहर भारतात राहतं, जरा गुबगुबीत झाला की जालियनवाला बागेचा काही भाग सीमेपलीकडे जातो. दांडीयात्रेचंही तसंच. साबरमतीहून निघून २४ दिवस, सुमारे ३८५ किलोमीटर पायपीट झाली. सरळ रेषेत मात्र अहमदाबाद ते दांडी अंतर २४० किलोमीटरच्या आसपास, म्हणून नकाशावर ती सगळी यात्रा बारा मिलिमीटरांत आटोपते. साम्राज्य हादरवून सोडणाऱ्या या पदयात्रेला अंगठ्याच्या नखाएवढी जागा पुरते.

नावाची गोष्ट त्याहून वाईट. ठिपका एका जागी असतो, नाव लांबीला पसरतं. चंपारण हा शब्द सुवाच्य अक्षरात लिहायला दोन सेंटिमीटर लागतात, म्हणजे ४०० किलोमीटर. निळीच्या मळेवाल्यांनासुद्धा एवढी जमीन मिळाली नव्हती. ठिपकाच दिला नाही आणि नुसतं नाव लिहिलं, तर चंपारण नेमकं कोणत्या अक्षराखाली आहे हे परीक्षकानं ओळखायचं. तो ‘च’खाली शोधेल की ‘ण’खाली, याचा भरवसा नाही. म्हणून आधी बारीक ठिपका, त्यापासून एक छोटी रेघ आणि रेघेच्या टोकाशी आडवं नाव, असा क्रम ठेवावा. किनाऱ्यावरची नावं समुद्रात लिहावीत. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर या कागदावर रिकामेच असतात आणि नावं तिथे बिनधास्त पोहू शकतात. पोहायचं नसतं ते फक्त ठिपक्यांनी.

हे झालं हस्तकौशल्य. खरा घोळ पाठांतरात आहे. मुलं गावं राज्यांच्या खुंटीला टांगून पाठ करतात: चौरीचौरा उत्तर प्रदेश, चंपारण बिहार, बारडोली गुजरात, खेडा गुजरात. उजळणीच्या वहीत हे नीटनेटकं दिसतं, पण हे पाठांतर करणाऱ्याला नकाशावर काय माहीत असतं? तर ठिपका उत्तर प्रदेशाच्या हद्दीत कुठंतरी द्यायचा. उत्तर प्रदेश आडवा साडेतीन सेंटिमीटर आहे. माणूस अशा वेळी राज्याच्या मध्यावर ठिपका देतो. आपल्याला जे नीट माहीत नाही ते मध्यावर ठेवण्याची खोड आपल्याला राजकारणातही आहे. झाशीसुद्धा उत्तर प्रदेशातच, म्हणून तीही मध्यावर. मग चौरीचौरा आणि झाशी एकमेकींच्या मांडीवर येऊन बसतात. प्रत्यक्षात झाशी राज्याच्या नैर्ऋत्येला, मध्य प्रदेशात घुसलेल्या बोळकांडीत आहे, तर चौरीचौरा गोरखपूरजवळ, पूर्वेच्या टोकाला. दोहोंत कागदावर अडीच सेंटिमीटर आणि पंचांगात ६५ वर्षं.

आता चौरीचौरा आणि चंपारण घ्या. वेगळी राज्यं म्हणून यादीत ती दोन निरनिराळ्या ओळींवर असतात आणि मुलं त्यांना लांब लांब बसवतात. खरं तर उत्तर प्रदेश, बिहार आणि नेपाळ यांच्या सीमा जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर पेन्सिल टेकवा. तिथून उजवीकडे खाली उतरलं की चंपारण. आता त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले आहेत, पण आपला गलेलठ्ठ ठिपका दोघांनाही सामावून घेतो. त्याच कोपऱ्यावरून डावीकडे खाली चारपाच मिलिमीटर आलं की चौरीचौरा. एका कोपऱ्यावर दोन गावं पक्की झाली. शिवाय एक गोष्ट ध्यानात आली, जी कुठल्याही यादीतून येणार नाही: १९१७ साली गांधीजींनी शेतकऱ्यांची बाजू घेऊन जिथं नाव कमावलं, त्याच मुलखाच्या शेजारी पाच वर्षांनी त्यांच्या नावाचा जयजयकार करणाऱ्या जमावानं पोलिस चौकी पेटवली. मधलं अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. दोन्ही वेळा गांजलेला शेतकरी साधारण त्याच पट्ट्यातला होता.

आणि आता बारडोली. मुलांना ही १९२८ च्या सत्याग्रहामुळे आणि वल्लभभाईंमुळे ठाऊक असते. पण फेब्रुवारी १९२२ मध्ये गांधीजी बारडोलीतच होते. सामुदायिक कायदेभंग तिथून सुरू व्हायचा होता आणि तसा इशाराही व्हाइसरॉयला गेला होता. तेवढ्यात चौरीचौऱ्याला चौकी जळाली, वीसहून अधिक पोलिस मेले, आणि बारडोलीतच झालेल्या काँग्रेस कार्यसमितीच्या बैठकीत चळवळ थांबवायचं ठरलं. हे दोन ठिपके नकाशावर देऊन मध्ये पट्टी ठेवा: सहा सेंटिमीटर, म्हणजे बाराशे किलोमीटर. आता या निर्णयाचा अर्थ बदलतो की नाही? एका टोकाच्या खेड्यात आग लागली म्हणून दुसऱ्या टोकाचं आंदोलन, ज्याच्या गावात काडीही पेटली नव्हती, ते थांबलं. बारडोलीच्या लोकांनी हात चोळले असतील, तर ते नकाशाकडे पाहिल्यावरच कळतं. चळवळ खरोखरच अखिल भारतीय झाली होती याचा पुरावा हवा असेल, तर तो या सहा सेंटिमीटरांत आहे: जबाबदारीही अखिल भारतीय झाली होती. आता एखाद्या मुलानं चौरीचौरा चुकून गुजरातेत ठेवलं, तर त्याचा एक गुण जातो आणि इतिहासाची सगळी गोष्टच फिरते. त्याच्या नकाशात गांधीजी शेजारच्या गल्लीत दंगल झाली म्हणून मंडप आवरून घरी जातात. एवढं तर आपल्या गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्षही करतात.

उलट प्रकारही शिकवण्यासारखा आहे. खेडा आणि अहमदाबाद ही दोन गावं यादीत वेगळी, पुस्तकात दोन वेगळ्या परिच्छेदांत, एक शेतकऱ्यांच्या साऱ्याचं आणि दुसरं गिरणी कामगारांच्या पगाराचं. सरळ रेषेत त्यांच्यात तीस-पस्तीस किलोमीटर, म्हणजे दोन मिलिमीटरही नाहीत. नेहमीच्या मापाचे ठिपके दिले तर एक दुसऱ्यावर चढतो, आणि मुलं घाबरून खेडा खाली सुरतेकडे ढकलतात. ढकलू नये. दोन्ही लढे १९१८ सालचेच, एकाच माणसानं लढवलेले आणि हाकेच्या अंतरावरचे. तेव्हा ठिपके एकमेकांना घासले तर ते इतिहासाला धरूनच आहे. दोन्ही टोकदार पेन्सिलीनं द्यावेत, अहमदाबादचं नाव डावीकडे न्यावं, खेड्याचं उजवीकडे, आणि गर्दीबद्दल क्षमा मागू नये.

यावर पहिला आक्षेप कागदावरच छापलेला असतो. आराखडा आजचा, घटना शंभर वर्षांपूर्वीची. तेलंगण २०१४ चं, लडाख केंद्रशासित झालं २०१९ मध्ये, आणि त्या रेषांच्या जाळ्यात १९२० चं अधिवेशन बसवायचं. नागपूरचंच पाहा. राज्याची सीमा त्याच्या उत्तरेला दोनेक मिलिमीटरवर आहे. एखाद्या मुलाचा ठिपका जरा वर गेला की नागपूर मध्य प्रदेशात पडतं आणि तांबडी फुली येते. पण नागपूर आधी मध्य प्रांताची आणि १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाचीच राजधानी होतं. काँग्रेसचं डिसेंबर १९२० चं अधिवेशन महाराष्ट्रात भरलंच नव्हतं. म्हणजे पोरगं इतिहासात बरोबर आणि नकाशात चूक. त्यानं फेरतपासणीचा अर्ज केला तर मला त्याच्या बाजूनं बोलायला आवडेल, गुण वाढणार नाहीत हे ठाऊक असूनही. मजा अशी की त्याच नागपूर अधिवेशनात काँग्रेसनं आपल्या प्रांतिक समित्या भाषावार करायचं ठरवलं. ज्या भाषावार रेषेनं आज त्या मुलाचा गुण खाल्ला, तिचं एक बी त्या ठिपक्याखालीच पेरलं गेलं होतं.

लाहोरचा पेच तर आणखी अवघड. पूर्ण स्वराज्याचा ठराव डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरला झाला, आणि भारताच्या आराखड्यात लाहोर सीमेबाहेर, कोऱ्या भागात येतं. बारावीच्या यादीत ते आहे, कराचीही आहे, आणि मुलं बावचळतात: देशाबाहेर ठिपका दिला तर चालतं का? चालतं, तिथेच द्यायचा असतो. अमृतसरपासून डावीकडे अडीच मिलिमीटर. या दोन ठिपक्यांमधून जाणारी रेष घटना घडल्या तेव्हा तिथे नव्हती. हा विसंवाद आराखड्याचा दोष आहे, हे मान्य. पण त्यावर उपाय म्हणून प्रश्नच काढून टाका असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारीन, की लाहोर आणि अमृतसर इतकी खेटून आहेत हे पोराला दुसऱ्या कुठल्या प्रश्नात कळलं असतं? मोहेंजोदडोलाही हाच न्याय. सीमेबाहेर असल्यामुळे मुलं त्याला कुठेही भिरकावतात, इराणच्या वेशीपर्यंत. पण भारताचं सर्वांत पश्चिमेकडचं टोक कच्छात आहे आणि मोहेंजोदडो जवळजवळ त्याच रेखावृत्तावर. त्या टोकावरून वर चढायचं आणि जैसलमेरच्या किंचित वरच्या पातळीवर थांबायचं. चार हजार वर्षांपूर्वीचं शहर सापडायला आजची सीमारेषाच वाटाड्या होते. तिचा निदान एवढा तरी उपयोग करून घ्यावा.

दुसरा आक्षेप फोनवाल्यांचा. बोट टेकवलं की गाव मिळतं, मग ठिपके कशाला? पण फोनवर आपण शोधतो ते गाव नेहमी पडद्याच्या मधोमध येतं आणि आपण स्वतः निळा ठिपका होऊन बसतो. चौरीचौरा शोधलं तर चौरीचौरा मध्ये, बारडोली शोधलं तर बारडोली मध्ये. दोन्ही जगाचं केंद्र. मधले बाराशे किलोमीटर दिसायला पडदा इतका लहान करावा लागतो की दोन्ही गावांची नावं पुसली जातात. फोन रस्ता छान सांगतो, आणि चौरीचौऱ्याहून बारडोलीला किती तासांत पोहोचाल हेही सांगेल. १९२२ मध्ये बातमी तिथे पोहोचल्यावर काय झालं, हे मात्र त्याच्या कामाचं नाही.

तिसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना नकाशाऐवजी लेखी प्रश्न दिला जातो: अमुक घटना कुठे झाली, गावाचं नाव लिहा. तेवढ्यावर गुण मिळत असतील तर नकाशात जास्त काय आहे? त्याचं उत्तर असं की ही सोय न्यायाची आहे, बरोबरीची नाही. नाव विचारणारा प्रश्न आठवण तपासतो, जागा विचारणारा संबंध तपासतो. ज्याला बोटांनी चाचपता येईल असा उठावाचा नकाशा दिला तर दृष्टिहीन मुलगाही तेच संबंध सांगू शकेल, आणि कदाचित डोळसांपेक्षा नेटका, कारण तो ठिपका गिरवत बसणार नाही.

राहता राहिला शिकवण्याचा क्रम. कर्कवृत्त छापलेलं नसेल तर पेन्सिलीनं पुसट काढून घ्यावं: कच्छच्या मध्यातून निघून मिझोरामपर्यंत, मध्यावर किंचित खाली झुकलेलं, कारण अशा नकाशांवर अक्षवृत्तं पट्टीसारखी ताठ नसतात. अहमदाबाद, भोपाळ, रांची ही तिन्ही त्या रेषेच्या लगेच खाली ओळीनं बसतात. त्याखाली आणखी सेंटिमीटरभर उतरलं की दुसरी ओळ लागते. किनाऱ्याजवळ सुरत, थोडं आत बारडोली, आणि तसंच उजवीकडे चालत गेलं की नागपूर. बारडोली आणि नागपूर तर जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. दांडी त्याच ओळीच्या जरा खाली, अगदी काठावर. इथे मात्र हात आवरायचा. ठिपक्याचा मध्य जमिनीवर ठेवावा आणि ठिपक्याच्या डाव्या कडेनं पाण्याला नुसता स्पर्श करावा, मीठ गोळा करण्यापुरता. उत्तरेचा कोपरा वर सांगितलाच आहे. या दोन ओळी आणि एक कोपरा पक्का झाला की यादीतली बरीचशी गावं आपोआप शेजाऱ्यांच्या हाताला धरून उभी राहतात, आणि कोणतं राज्य ते आठवलं नाही तरी अडत नाही.

एवढं सगळं जमलं, दांडी कोरडी राहिली, अमृतसर देशात राहिलं, तरी एक काम उरतं. आराखडा पुरवणीसारखा सुटा मिळतो. तो उत्तरपत्रिकेला जोडावा लागतो. घंटेच्या गडबडीत तो बाकावरच राहिला, तर त्यावरचं चौरीचौरा कितीही नेमक्या जागी असो, परीक्षकाच्या दृष्टीनं ते भारतात नाहीच. तेव्हा मुलांनो, आधी दोरा बांधा.